छोट्या स्वयंपाकघरात इंडक्शन की गॅस? आधी सॉकेट बघा

घणसोली असो, कोपरखैरणे असो की कळवा, वन बीएचकेतला ओटा बहुतेक ठिकाणी सहा-सात फुटांचा असतो. एका टोकाला सिंक, मध्ये दोन बर्नरची शेगडी, आणि उरलेल्या दीड-दोन फुटांत मिक्सर, पोळपाट नि भाजी चिरायची जागा. इंडक्शन बसवायचं ते याच दीड-दोन फुटांत. त्यामुळे ते घेण्याआधी रोजच्या स्वयंपाकातलं नेमकं कोणतं काम त्यावर करायचं, हे ठरलेलं बरं. नाहीतर महिनाभराने ते माळ्यावर जातं.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पाणी, दूध, चहा, कुकर अशी उकळायची-शिजवायची कामं इंडक्शनवर उत्तम होतात. भाकरी, फुलके, भरताचं वांगं, पापड आणि फोडणी गॅसवरच ठेवावी. गॅसचा खर्च वाचेल म्हणून इंडक्शन घेत असाल, तर मात्र आधी विजेच्या बिलावर हिशोब करून बघा. आणि या सगळ्याच्या आधी ओट्यावरचा सॉकेट बघा, कारण इंडक्शनची खरी अडचण बहुतेक वेळा भिंतीत असते.

उष्णता जाते कुठे

गॅसची ज्योत भांड्याच्या बुडाला लागते आणि तापलेली हवा भांड्याच्या कडेने वर निघून जाते. त्यातली बरीच उष्णता भांड्यात न जाता स्वयंपाकघरात पसरते. घरगुती एलपीजी शेगडीला आयएसआय मार्क मिळवायचा तर चाचणीत किमान 68 टक्के उष्णता भांड्यात गेली पाहिजे. घरात तेवढी जात नाही. छोटं पातेलं मोठ्या बर्नरवर ठेवलं, ज्योत बुडाबाहेर आली किंवा बर्नरची भोकं कचऱ्याने बुजली, की प्रमाण 55-60 टक्क्यांवर येतं.

इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारी वीज जाते. त्यामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या लोखंडी बुडात विजेचे भोवरे निर्माण करतं आणि बूड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्याच्या उष्णतेने. म्हणून इथे साधारण 85 टक्के उष्णता भांड्यात जाते.

एक लिटर पाण्याचा हिशोब करू. नळाचं पाणी 28 अंशांवर आहे असं धरलं, तर ते उकळायला 0.084 युनिट एवढी उष्णता लागते. 2000 वॅटच्या इंडक्शनवर तीन मिनिटांत पाणी उकळतं आणि सुमारे 0.1 युनिट वीज जाते. गॅसच्या मधल्या आकाराच्या बर्नरवर पाचएक मिनिटं आणि 11 ग्रॅम एलपीजी लागतो. दोन मिनिटांचा फरक मोठा नाही. मोठा फरक आहे तो बाहेर पडलेल्या उष्णतेचा.

बंद केलेल्या ड्राय बाल्कनीला लागून असलेल्या छोट्या स्वयंपाकघरात मे महिन्यात हा फरक अंगाला जाणवतो. गॅस पेटलेला असताना ज्योत हलते म्हणून पंखा लावता येत नाही. इंडक्शनवर काम करताना डोक्यावरचा पंखा खुशाल लावता येतो. एक किलो एलपीजी जळला की साधारण 1.6 किलो पाण्याची वाफ तयार होते. ही अन्नातली वाफ नव्हे, गॅस जळून होणारी. पावसाळ्यात खिडकी लावून स्वयंपाक केला की टाइल्सवर ओल येते आणि कपाटाच्या आत बुरशीचा वास येतो, त्यात या वाफेचाही हात असतो. ज्योतीतून थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो. गॅस वापरताना एक्झॉस्ट फॅन चालू आणि खिडकी थोडी उघडी ठेवायची ती यासाठी. फोडणीचा आणि तळणीचा धूर मात्र इंडक्शनवरही तेवढाच होतो, तेव्हा एक्झॉस्ट दोन्हीकडे लागतोच.

भिंतीतली वायर

2000 वॅटचं इंडक्शन 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर करंट खेचतं. ओट्यावर मिक्सरसाठी जो लहान सॉकेट असतो तो 6 अँपिअरचा. त्यावर इंडक्शन चालवायचं नाही, कन्व्हर्टर पिन लावूनही नाही. त्याला 16 अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. बऱ्याच वन बीएचकेत स्वयंपाकघरात पॉवर पॉइंट एकच असतो आणि त्यावर फ्रिज असतो. मग मल्टिप्लग येतो, आणि गडबड तिथून सुरू होते. साध्या मल्टिप्लगमधल्या पितळी पट्ट्या पातळ असतात. अर्धा तास सलग 8-9 अँपिअर वाहिले की त्या तापतात, तापल्या की सैल होतात, सैल झाल्या की आणखी तापतात.

सॉकेटमागची वायरही तपासावी लागते. इलेक्ट्रिशियनला प्लेट उघडायला सांगा. वायरच्या आवरणावर जाडी छापलेली असते. इंडक्शनसाठी निदान अडीचची वायर हवी, म्हणजे 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची. मोठ्या सॉकेटमागे दीडची वायर निघाली, तर सॉकेट फक्त दिसायला मोठा आहे. तिथे नवी वायर ओढून घ्यावी. जुन्या इमारतींत बाथरूमचा गीझर आणि स्वयंपाकघराचा पॉवर पॉइंट एकाच एमसीबीवर असतो. तुमच्याकडे तसं आहे का, हे घरच्या घरी कळतं. डीबीतला, म्हणजे सगळे एमसीबी असतात त्या पेटीतला, गीझरचा एमसीबी खाली पाडा आणि स्वयंपाकघरातला मोठा सॉकेट चालू आहे का बघा. तोही बंद पडला असेल, तर दोन्ही एकाच लाइनवर आहेत.

असं असेल तर सकाळी काय होतं ते बघू. साडेसहा वाजता गीझर चालू, 2000 वॅट. इंडक्शनवर दूध, 2000 वॅट. चटणीसाठी मिक्सर, 500 वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर, 150 वॅट. बेरीज 4650 वॅट, म्हणजे जवळजवळ 20 अँपिअर. एमसीबी 16 चा. तो लगेच पडत नाही, आणि इथेच लोक फसतात. एमसीबीची रचनाच अशी असते की शॉर्ट सर्किट झालं तर क्षणात पडायचं, पण करंट थोडा जास्त असेल तर आतली पट्टी तापून वाकेपर्यंत थांबायचं. सव्वापट करंटला त्याला कित्येक मिनिटं लागू शकतात. म्हणून एखाद दिवशी सगळं सुरळीत चालतं, दुसऱ्या दिवशी दूध अर्धवट तापलेलं असताना एमसीबी पडतो, आणि दोष इंडक्शनला दिला जातो.

यावर सगळ्यात वाईट उपाय म्हणजे 16 चा एमसीबी काढून 32 चा बसवणं. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो. तो मोठा केला की पडायचं थांबतं, पण भिंतीतली वायर तापत राहते आणि ते कोणाला दिसत नाही. खरा उपाय म्हणजे डीबीपासून स्वयंपाकघरापर्यंत अडीचची किंवा चारची वेगळी वायर आणि तिला स्वतंत्र एमसीबी. ते जमत नसेल तर गीझर आणि इंडक्शन एका वेळी लावायचं नाही, हा घरातला नियम करावा लागेल. दूध गॅसवर ठेवलं तर तोही प्रश्न सुटतो.

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' असा एक आकडा असतो. कित्येक जुन्या फ्लॅटमध्ये तो 1 किंवा 2 किलोवॅट आहे. घरात एसी, गीझर आणि इंडक्शन असेल तर हा आकडा पुरा पडत नाही. भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करता येतो. मीटरपासून घरापर्यंत येणारी मुख्य वायर वाढीव भाराला पुरेशी आहे का, हे त्याच वेळी तपासून घ्यावं.

अर्थिंगचंही बघून घ्या. ओल्या हाताने स्टीलचं भांडं हलवताना बोटांना झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. वापर तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिसरी पिन नसलेला प्लग इंडक्शनला लावू नये.

सगळं नीट बसलंय का, याची परीक्षा पहिल्या दिवशीच घ्या. मोठ्या पातेल्यात पाणी भरून इंडक्शन पूर्ण पॉवरवर 15 मिनिटं चालवा. मग स्विच बंद करा आणि प्लग काढून त्याच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल इतका गरम असेल, सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसत असतील किंवा मासळीसारखा उग्र वास येत असेल, तर सॉकेट सैल आहे. तो ताबडतोब बदला.

भांडी आणि कामं

भांडं चालेल का, हे लोहचुंबक सांगतो. फ्रिजवरचा चुंबक भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटला तर चालेल, निसटला तर नाही. ॲल्युमिनियमचं पातेलं, पितळी टोप, मातीचं भांडं चालत नाही. स्टीलचं प्रत्येक भांडं चालतंच असं नाही, कारण स्टीलच्या काही जाती चुंबकाला धरत नाहीत. बिडाचा तवा चालतो, पण बूड सपाट हवं. गोल बुडाची कढई काचेवर टेकते ती एका बिंदूवर.

बूड साधारण 12 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुतेक इंडक्शनना भांडं ठेवलंय हेच कळत नाही आणि ती शिटी वाजवून बंद पडतात. फोडणीचं कढलं त्यामुळे चालत नाही. उलट तवा मोठा असला तरी खालच्या वेटोळ्याएवढाच भाग नीट तापतो. घरगुती इंडक्शनमध्ये ते वेटोळं अठरा-वीस सेंटिमीटरचं असतं. दहा इंची तव्यावर भाकरी टाकली की मध्ये डाग पडतात आणि कड पांढरी राहते. तवा आधी मध्यम पॉवरवर चार-पाच मिनिटं तापू दिला तर थोडा फरक पडतो. बिडाचा तवा एकदम 2000 वॅटवर ठेवायचा नाही. मधला भाग पटकन तापून फुगतो, कड थंड असते, आणि तव्याला तडा जाऊ शकतो. भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवता येते, पण विस्तवावर टाकलेल्या भाकरीचा पापुद्रा तिला येत नाही. रोज भाकरी होणाऱ्या घरात गॅस काढून टाकू नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

मंद आच हा इंडक्शनचा आणखी एक कच्चा दुवा. स्वस्त इंडक्शनवर 200 वॅट निवडले तरी ते सलग 200 वॅट देत नाही. काही सेकंद हजारच्या आसपास देतं, मग काही सेकंद पूर्ण बंद राहतं. कान देऊन ऐका: गूं आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. त्या वेळी पातेल्यातलं दूधही उसळतं, बसतं, पुन्हा उसळतं. खीर, बासुंदी किंवा दाट आमटी पातळ बुडाच्या भांड्यात अशा झटक्यांनी खाली लागते. जाड, तीन थरांचं बूड असेल तर हे झटके बुडातच जिरतात.

कुकरचं गणित मात्र बदलावं लागतं. गॅसवर तीन शिट्ट्यांत शिजणारी तूरडाळ इंडक्शनवर तीन शिट्ट्यांत कच्ची राहते. कारण डाळ शिजते ती दाबाखाली गेलेल्या वेळाने, आणि शिट्टी होते ती वाफ जास्त झाली की. पूर्ण पॉवरवर वाफ भराभर तयार होते, शिट्ट्या पटापट होतात, पण मिनिटं कमी भरतात. म्हणून पहिली शिट्टी होईपर्यंत 1600-2000 वॅट ठेवा, मग 400-600 वॅटवर आणून घड्याळ लावा. भिजवलेल्या तूरडाळीला त्यानंतर सातआठ मिनिटं, भाताला चार-पाच मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. एकदा ही मिनिटं बसली की कुकरसाठी इंडक्शन गॅसपेक्षा सोयीचं, कारण टायमर लावून बाजूला होता येतं. कुकर इंडक्शन बुडाचाच घ्यावा लागतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या कुकरखाली लोखंडी चकती ठेवून काम भागवायचा सल्ला ऐकू नका. चकती नको इतकी तापते आणि काचेला तडा जातो.

इंडक्शन बिघडतं कशाने

मुख्य कारण उष्णता. आतल्या सर्किटला थंड ठेवायला खाली एक लहान पंखा असतो. तो खालून हवा घेतो आणि मागून बाहेर सोडतो. म्हणून खाली वर्तमानपत्र, फडकं किंवा प्लास्टिक अंथरू नये आणि मागे भिंतीपासून चार इंच जागा सोडावी. गॅसच्या बर्नरला चिकटून ठेवलं तर ते गरम हवाच आत ओढतं, निदान फूटभर अंतर हवं. स्वयंपाक झाला की आधी इंडक्शनवरचं बटण बंद करा, पंखा मिनिटभर फिरून आपोआप थांबू द्या, मग भिंतीवरचा स्विच बंद करा. थेट भिंतीवरचा स्विच पाडायची सवय असेल तर पंखा लगेच थांबतो, आतली उष्णता आतच राहते, आणि सर्किटचं आयुष्य घटतं.

आपल्याकडे दुसरं कारण म्हणजे झुरळं. रात्री इंडक्शनखालची उबदार जागा त्यांना आवडते आणि पंख्याच्या जाळीतून ती सर्किटवर जातात. रात्री प्लग काढून इंडक्शन उभं करून ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो, शिवाय ओटाही मोकळा होतो.

पैशांचा हिशोब

14.2 किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण 180 युनिट एवढी उष्णता असते. त्यातली 60 टक्के भांड्यात गेली तर 108 युनिट. तेवढीच उष्णता इंडक्शनवर द्यायला सव्वाशेच्या आसपास युनिट लागतील. म्हणजे सिलेंडरच्या किमतीला 127 ने भागा. समजा सिलेंडर 850 रुपयांना मिळतो, तर उत्तर येतं 6 रुपये 70 पैसे. तुमचं पुढचं युनिट याहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. पाइप गॅस असेल तर एका घनमीटरला साधारण साडेसहा-सात युनिट धरा.

'पुढचं युनिट' हा शब्द महत्त्वाचा. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट असा दर इथे उपयोगाचा नाही. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटं स्वस्त असतात आणि 101 ते 300 चा टप्पा जवळजवळ दुप्पट दराचा. इंडक्शनची युनिटं नेहमी वरच्या टोकाला जोडली जातात. त्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क मिळवलं की खरा दर कळतो.

घणसोलीतल्या तिघांच्या एका घराचं उदाहरण घेऊ. महिन्याला 180 युनिट वीज जाते. त्यांनी रोजचं एक लिटर दूध, दोन वेळचा चहा आणि एक कुकर इंडक्शनवर नेला. दुधाला 0.13, चहाला 0.15 आणि कुकरला पाव युनिट धरलं, तर दिवसाला सुमारे 0.55 आणि महिन्याला 16-17 युनिट होतात. त्यांचं पुढचं युनिट सगळे आकार धरून 13 रुपयांना पडतं असं समजलं, तर बिल सुमारे 215 रुपयांनी वाढेल. गॅस वाचेल 1.8 किलोच्या आसपास, म्हणजे 110 रुपयांचा. महिन्याला शंभरेक रुपये जास्त गेले. त्या बदल्यात सकाळी पंखा लावून काम करता येतं, दूध उतू जाण्याआधी टायमर बंद करतो, आणि सिलेंडर काही दिवस जास्त टिकतो. हेच घर महिन्याला 80 युनिटांवर भागत असतं, तर खर्च बरोबरीत सुटला असता.

भाड्याने राहणाऱ्यांना एवढा हिशोब करायची मोकळीक नसते. दोन वर्षांसाठी राहायचं असेल आणि घरात पाइप गॅस आलेला असेल, तर शेगडी तेवढी आणावी. पण एलपीजीची शेगडी पाइप गॅसवर तशीच लावू नका. पाइप गॅसला जेटचं भोक मोठं लागतं, ते बदलून घ्यावं लागतं. घरात गॅस नसेल तर इंडक्शन आणि जोडीला 5 किलोचा छोटा सिलेंडर पुरतो. हा सिलेंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, फक्त ओळखपत्रावर मिळतो. वीज गेली की इंडक्शन बंद, आणि घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ते चालत नाही. तेव्हा नुसत्या इंडक्शनवर अवलंबून राहू नये. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर इंडक्शन घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

सिलेंडर आणि इंडक्शन एकाच ओट्याशी असतील तर इंडक्शनचा सॉकेट ओट्याच्या वरच्या बाजूला घ्या, खालच्या कपाटात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि स्विचची ठिणगी तिथे नको. सिलेंडरच्या कपाटाला तळाशी जाळी किंवा भोकं हवीत, नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. शिवाय इंडक्शन आल्यावर गॅस कमी वापरला जातो, म्हणून नळीकडे लक्ष जात नाही. ती वापरली नाही तरी जुनी होतेच. तिच्यावर छापलेलं साल बघा, आणि पाच वर्षं झाली असतील तर बदला.